सात नंबरचं पाणी

सकाळच्या पाळीचा पहिला अर्धा तास नुसता ऐकण्यात जातो. आठ वाजता आम्ही ओव्हर घेतो. रात्रपाळीची सिस्टर एकेका खाटेपाशी थांबत सांगत जाते आणि आम्ही मागोमाग वहीत उतरवत जातो. एक नंबर, ताप उतरलाय, सकाळचं रक्त पाठवलंय. दोन नंबर, रात्रभर खोकत होत्या. तीन नंबरचा डिस्चार्ज, कागद बाकी. चार नंबरची सलाइनची सुई रात्री निघाली होती, डाव्या हाताला नवी लावलीय. सांगणारीचे डोळे मिटत असतात. तिला घरी जाऊन डबा भरायचा असतो, पोरांना शाळेला लावायचं असतं, पण या अर्ध्या तासात ती घाई करत नाही. एखादी गोष्ट सांगायची राहिली तर घरी पोचल्यावर फोन येणार, हे तिला ठाऊक असतं.

आमचा स्त्रियांचा मेडिकल वॉर्ड जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातला. खाटा चाळीस, आणि पावसाळ्यात खाली गाद्यांवर आणखी सात-आठ जणी. कागदोपत्री आम्ही अधिपरिचारिका, वॉर्डात सगळ्या सिस्टर. पेशंटला मात्र खाटेचा नंबर हेच नाव. परक्याला ते कठोर वाटतं. पण वॉर्डात एकाच नावाच्या तिघी जणी असल्या की इंजेक्शन देण्याआधी नंबर बघायचा, कागद बघायचा आणि तरीही तोंडाने पूर्ण नाव विचारायचं, हे अंगवळणी पडतं.

सात नंबरला एक आजी होत्या. पासष्टीच्या पुढच्या, कपाळावर ठसठशीत गोंदण, अंगात नऊवारी. हृदयाची पंपाची ताकद कमी झालेली, त्यामुळे पाणी अंगात साठून पाय सुजलेले, आडवं झालं की दम लागायचा. नडगीवर अंगठा दाबून धरला की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. त्यांना दिवसाला सगळं मिळून बाराशे मिली द्रव घ्यायची परवानगी होती, रोज सकाळी लॅसिक्सचं इंजेक्शन होतं, आणि त्यांच्या खाटेला एक तक्ता अडकवलेला होता. एका बाजूला पोटात काय गेलं, दुसऱ्या बाजूला लघवी किती झाली. आम्ही त्याला आय-ओ चार्ट म्हणतो. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना हा तक्ता भरायला देतात आणि त्यांना ते सगळ्यात हलकं काम वाटतं. माझ्या मते वॉर्डात याहून अवघड लिखाण दुसरं नाही. औषध आपण देतो, म्हणून ते बरोबर लिहिता येतं. पाणी पेशंट आपल्यामागे पितो.

त्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरनं सात नंबरपाशी थांबून आकडे वाचले. चोवीस तासांत आत गेलं 1150, बाहेर आलं 1700. पुढे म्हणाली, "सकाळचं वजन 58.8."

मी मागचं पान उलटलं. आदल्या दिवशी सकाळी वजन होतं 58.4.

आता हे गणित कुणालाही करता येईल. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. तक्त्याप्रमाणे आजींच्या अंगातून साडेपाचशे मिली पाणी जास्तीचं निघून गेलं होतं. शिवाय श्वासावाटे आणि कातडीवाटे जे उडून जातं ते वेगळंच, ते कुठल्याच भांड्यात मावत नाही. खाल्लेलं अन्न आणि शौच यांचं थोडं इकडेतिकडे धरलं तरी वजन निदान अर्ध्या किलोने उतरायला हवं होतं. ते चारशे ग्रॅमनी वाढलं होतं. म्हणजे सुमारे लिटरभर पाण्याचा पत्ता लागत नव्हता.

तक्ता आणि काटा यांच्यात भांडण लागलं की आमच्यातल्या बऱ्याच जणी तक्त्याची बाजू घेतात, कारण तो आपल्या हातचा असतो. मी काट्याची बाजू घेते. काट्याला कुणाची भीड नसते. पण आधी काट्याचीही झडती घ्यायची. तो सपाट फरशीवर आहे ना, की मावशींनी पुसताना ढकलून मोरीच्या उताराला नेलाय? मी स्वतः चढून पाहिलं. माझं वजन मला नको तितकं पाठ आहे, तेवढंच भरलं. मग कपडे. वजन रोज एकाच वेळी घ्यायचं, लघवी करून आल्यावर, न्याहारीच्या आधी, आणि तेवढ्याच कपड्यांत. नऊवारी लुगडं काही हलकं नसतं, त्यामुळे एक दिवस लुगड्यात आणि एक दिवस गाऊनमध्ये वजन केलं तर सगळा हिशेब कोलमडतो. आजी दोन्ही दिवस लुगड्यातच होत्या, शाल काढलेली होती.

"कमरेला काय आहे आजी?"

"काय न्हाई."

होती. चंची होती, आणि तिच्यात सुट्टे पैसे, सुपारी आणि चांगला पितळी अडकित्ता. तो हातात घेऊन पाहिला, वजनदार होता. पण चंची कालही कमरेला होती आणि परवाही. रोज तेवढंच ओझं असेल तर फरकात ते येत नाही. काटा निर्दोष सुटला.

मग लघवीचा आकडा. इथे नव्या मुली हमखास उलटा विचार करतात. माझ्याबरोबर त्या दिवशी एक विद्यार्थिनी होती. ती पटकन म्हणाली, "सिस्टर, त्या एखाद वेळी संडासात जाऊन आल्या असतील, मोजायची राहिली असेल." मी तिला म्हटलं, बरं, समज तसं झालं. म्हणजे खरी लघवी सतराशेहून जास्त झाली. मग वजन आणखी कमी व्हायला हवं. ती थांबली, वहीच्या कोपऱ्यात आकडेमोड केली आणि हसली. मोजायची राहिलेली लघवी आपलं कोडं सोडवत नाही, वाढवते. चोर आत जाणाऱ्या बाजूलाच होता.

पण तपास करायला तेव्हा वेळ नव्हता. आठला ओव्हर, साडेआठला बिछाने, मग औषधांची ट्रॉली. डॉक्टरांच्या राउंडच्या आधी चाळीस जणींच्या तोंडात किंवा शिरेत ज्याचं त्याचं औषध पडलं पाहिजे. सात नंबरचं लॅसिक्स मी मुद्दाम लवकर देते. शिरेतून दिलं की पाचेक मिनिटांत त्याचं काम सुरू होतं आणि पुढचे दोन तास त्या बाईला दुसरं काही सुचत नाही. तेव्हा आधी बीपी बघायचं, पॅन खाटेजवळ आणून ठेवायचं, पडदा ओढायला मोकळा आहे ना ते पाहायचं आणि मगच सुई हातात घ्यायची. चाळीस मिलिग्रॅम म्हणजे चार मिली औषध. ते घाईने ढकलायचं नाही, मिनिट-दोन मिनिटं घेऊन सावकाश द्यायचं. जोरात दिलं तर कानात घूं होतं, क्वचित ऐकू येण्यावरही परिणाम होतो. आणि पेशंटला बजावायचं, की एकटं उठून धावायचं नाही. पाणी भराभर निघून गेलं की उभं राहताना बीपी खाली येतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हाताऱ्या बायका संडासाच्या वाटेवर पडतात त्यातल्या कितीतरी अशाच पडतात. "पॅन मागा, आजी, लाज धरू नका," हे मी रोज म्हणते आणि त्या रोज तोंडावर पदर घेतात.

पॅनमधलं मोजायचं ते मापाच्या जगमध्ये ओतून, डोळ्यांच्या रेषेत धरून. वरून बघून "असेल अडीचशे" म्हणायचं नाही. ज्यांना कॅथेटर असतं त्यांच्या पिशवीवर रेघा छापलेल्या असतात, पण पिशवी फुगली, कलली की त्या रेघांवर विसंबता येत नाही. तीही जगमध्येच रिकामी करावी लागते. हे काम मावशी करतात, आम्ही करतो, जी मोकळी असेल ती करते. कुणाच्या पदाला त्याने कमीपणा येत नाही, निदान येऊ नये.

दहाच्या सुमाराला राउंड आला. रेसिडेंट डॉक्टरांनी तक्ता पाहिला, वजन पाहिलं, पाय दाबून पाहिले. "आउटपुट चांगलं आहे, पण वजन हलत नाही. लॅसिक्स वाढवूया का?" असं ते बरोबरच्या डॉक्टरांना विचारत होते. त्यांच्या जागी ते बरोबरच होतं. कागदावर आजी नियम पाळत होत्या आणि औषध पुरत नव्हतं.

मी म्हटलं, "सर, दुपारपर्यंत थांबता का? इनटेक बरोबर नाहीये. लिटरभराचा घोळ आहे."

त्यांनी वर पाहिलं, तक्ता पुन्हा पाहिला, स्वतःशी बेरीज केली. "ठीक आहे. दोनला सांगा."

औषध वाढवलं असतं तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित बीपी उतरलं असतं, आधीच दमलेल्या किडनीवर ताण आला असता, आणि दुसरीकडे चोरवाटेने पाणी येतच राहिलं असतं. वरचा नळ चालूच ठेवून बादलीचं भोक मोठं करावं तसं.

साडेअकराला सून आली. सडपातळ, बोलकी, हातात तीन पुडांचा डबा आणि खांद्याला मोठी पिशवी. सरकारी दवाखान्यात जेवण मिळतं, पण आजींना घरची भाकरी लागायची. मी तिला बाजूला घेतलं. अशा वेळी "तुम्ही पाणी दिलंत का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, आणि ते तसंच आलं.

"न्हाई हो सिस्टर. एक थेंब दिला न्हाई. बाटलीसुद्धा मी घरी ठिवून येते, आत्याबाईंना दिसायला नको म्हणून."

ती खरं बोलत होती. मी तिच्याबरोबर खाटेपाशी गेले आणि म्हटलं, "बरं, काल सकाळपासून आजींनी काय काय खाल्लं, ते सांग. पाणी राहू दे. खाल्लं काय?"

तिनं सांगितलं. सकाळी दुधात भाकरी कुस्करून दिली, दात नाहीत ना. दुपारी भात आणि आमटी. रात्री परत दूध-भाकरी. मधे दोनदा चहा, "तुम्ही लिहिलाय की तो, अर्धा अर्धा कप." आणि आठ नंबरच्या बाईंना बघायला आलेल्यांनी एक शहाळं आजींनाही दिलं, आजारी माणसाला चांगलं असतं म्हणून.

मी जग आणला. सुनेचा स्टीलचा वाडगा घेतला आणि तिला विचारलं, "दूध कुठवर घालतेस?" तिने बोटाने रेघ दाखवली. तिथवर पाणी भरलं आणि जगमध्ये ओतलं. अडीचशे. दोन वेळचं पाचशे. आमटीची वाटी काठोकाठ भरून एकशे ऐंशी. चहाचा जो अर्धा कप आम्ही दवाखान्याच्या मापाने पन्नास मिली धरला होता, तो त्यांच्या घरच्या उभ्या पेल्यातला होता. त्यात एकशेदहा मावलं. म्हणजे दोन वेळचे मिळून आणखी एकशेवीस. आणि शहाळं, त्याचं पाणी तीनशेच्या आसपास धरलं. विद्यार्थिनीने बेरीज केली. अकराशे.

सुनेचा चेहरा पडला. "पण ते तर जेवण आहे."

तिचं काय चुकलं? घरात कुणी दूध-भाकरीला पाणी म्हणत नाही. आमटी, कढी, ताक, पेज, कलिंगड, हे सगळं आपल्याकडे खाण्यातच मोडतं. आम्ही तिला "पाणी कमी द्या" असं सांगितलं होतं आणि तिनं ते शब्दशः पाळलं होतं. त्या सांगण्यातच गफलत होती. जे वाटीला धरून ओतता येतं ते सगळं मोजायचं, असं सांगायला हवं.

शहाळ्याची गोष्ट वेगळी आणि जरा गंभीर. दवाखान्याच्या फाटकाबाहेर शहाळ्यांची गाडी नाही असं सरकारी रुग्णालय मी पाहिलेलं नाही, आणि भेटायला येणारा हात हलवत यायला लाजतो. पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. आजींना लॅसिक्सबरोबर दुसरी एक गोळी चालू होती, जी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. किडनी अशक्त, आणि रक्तातलं पोटॅशियम आदल्या दिवशी 5.4 आलेलं. पाचपर्यंत ठीक समजतात. ते फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी बाहेरून काही दिसेलच असं नाही. ज्याला उलट्या-जुलाब झालेत त्या तरण्या माणसाला शहाळं खुशाल द्यावं. सात नंबरला नाही. सुनेला मी रिपोर्टचा आकडा दाखवला. तिला तो समजला असेल-नसेल, पण "हृदयाचा ठोका" हे तिनं नीट ऐकलं.

एवढं झाल्यावर डब्याचं तिसरं पूड उघडलं आणि त्यात लिंबाचं लोणचं निघालं. खारवलेलं, चांगलं मुरलेलं. म्हणजे इकडे आम्ही पाणी तोडत होतो आणि तिकडे मीठ त्यांची तहान वाढवत होतं. तहानेवर उपाय करायचा तर पहिला इथे. आजींनी त्या लोणच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती बघून मलाच अपराधी वाटलं.

"सगळं बंद करा," त्या म्हणाल्या. "दूध बंद, पाणी बंद, लोणचं बंद. मरताना गंगाजल पण मापूनच घालणार का काय ही बाई?"

आख्खा वॉर्ड हसला. आठ नंबरची बाईसुद्धा, जिला हसलं की खोकला यायचा.

तोडणं सोपं असतं, वाटून देणं अवघड. मी लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या आणवल्या, एक पूर्ण भरली आणि दुसरीत दोनशे मिली. बाहेरून ल्यूकोप्लास्टच्या पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक पट्टी शंभरची. सुनेला अक्षरओळख बेताचीच होती, पट्ट्या मोजायला अक्षर लागत नाही. तिला सांगितलं, आजींचा दिवस या बाटल्यांत आहे. त्या पाणी प्यायल्या तर यातूनच प्यायच्या. दूध, चहा, आमटी काही दिलं तर तेवढंच पाणी यातून मोरीत ओतायचं. औषधं गिळायला लागणारं पाणीसुद्धा यातलंच. बाटल्या रिकाम्या झाल्या की दिवस संपला. आणि सगळं दुपारपर्यंत उडवायचं नाही, रात्रीला निदान तीन पट्ट्या राखायच्या, कारण तोंड खरं कोरडं पडतं ते रात्री.

तिनं लगेच शक्कल काढली. दूध-भाकरीऐवजी भाकरी अगदी थोड्या दुधात मऊ करून, वर तूप. आमटीऐवजी घट्ट वरण. मी कोरड्या तोंडासाठी बाकीचे उपाय सांगितले. चूळ भरायची पण थुंकायची, लवंग किंवा वेलदोडा तोंडात धरायचा, लहान पेल्यातून घोट घोट घ्यायचं. मोठ्या तांब्यानं प्यायलेलं शंभर मिली घशाला कळतही नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्यांचा हा आजार आटोक्यात आहे, सूज नाही, घरी हिंडतात फिरतात, त्यांना पाण्याचं एवढं बंधन खरंच लागतं का, यावर अलीकडे डॉक्टरांतच दोन मतं आहेत. आजींसारख्या सुजून वॉर्डात आलेल्या पेशंटची गोष्ट निराळी. म्हणून कुणी हे वाचून घरच्या म्हाताऱ्या माणसाचा तांब्या काढून घेऊ नये. डॉक्टर सांगतील तेव्हा, सांगतील तेवढंच.

बाकी दिवस नेहमीसारखा गेला. एकवीस नंबरची साखर जेवणाआधी बघायची, तेरा नंबरला कूस बदलून द्यायची, एक नवीन भरती, एक भांडण. भांडण पंख्याखालच्या खाटेवरून. औषधाच्या खोलीत उभ्यानं अर्धी पोळी खाल्ली. पाऊण वाजता लक्षात आलं की पाळीवर आल्यापासून मी स्वतः पाण्याचा घोट घेतलेला नाही. चाळीस जणींचं मोजणाऱ्या बायका स्वतः कोरड्याच असतात, आणि आमच्यात मूत्रमार्गाच्या तक्रारी का जास्त हे कुणाला सांगायला नको.

दोन वाजता मी डॉक्टरांना आकडा सांगितला. त्यांनी औषधाचा डोस होता तसाच ठेवला, पोटॅशियम पुन्हा तपासायला लिहिलं. मग ओव्हर. आता सांगणारी मी होते. "सात नंबर, बाराशेतले सहाशे शिल्लक आहेत, बाटल्या कपाटावर. शहाळं बंद. लोणचं सुनेबरोबर परत पाठवलंय, पण झडती घे. आणि वजनाच्या आधी चंची काढून ठेवायची, कायमची सवय लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा 58.1 दाखवत होता. चंचीचं वजा धरूनही उतार चांगला होता. त्याच्या पुढच्या सकाळी 57.4. चौथ्या दिवशी आजी दोन उश्यांऐवजी एकीवर झोपल्या. अंगातलं पाणी उतरल्याचं हे लक्षण मला कुठल्याही आकड्यापेक्षा आवडतं.

घरी सोडताना सुनेला मी एकच नियम पाठ करून घेतला. रोज सकाळी वजन, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाय सुजायची वाट न बघता दवाखाना गाठायचा. सूज डोळ्यांना दिसते त्याच्या कितीतरी आधी काट्याला कळलेलं असतं.

"पण काटा कुठनं आणू, सिस्टर?"

मी विचारात पडले. घरात वजनाचा काटा ही शहरातली गोष्ट. तेवढ्यात तीच म्हणाली, "गावात दूध डेअरीत हाय की मोठा. रोज सकाळी सहाला मी जातेच कॅन घेऊन."

आजी उठून बसल्या. "म्हंजे म्हशीच्या दुधामागं रांगेत उभी करणार व्हय मला?"

"मागं कशाला, आत्याबाई," सून पिशवी भरता भरता म्हणाली, "दुधाच्या आधी तुमचा नंबर लावते."